गच्ची, किल्ली आणि सविनय विनंती

महाराष्ट्रातील शहरी गृहनिर्माण संस्थांमध्ये गच्ची ही इमारतीतील सर्वांत मोठी, सर्वांत मोकळी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी जागा असते, आणि ती तशीच राहावी यासाठी कार्यकारी समिती वर्षभर जितकी जागरूकता दाखवते तितकी ती पाण्याच्या टाक्या धुण्याच्या बाबतीतही दाखवत नाही. या जागेशी भाडेकरूचा संबंध साधारणतः दोन गरजांमधून येतो: धुतलेल्या कपड्यांना ऊन लागते आणि वाढत्या मुलांना धावायला जागा लागते. या दोन्ही गरजा घराच्या चार भिंतींत भागत नसल्यामुळे, आणि दोन्हींसाठी लागणारे साहित्य, म्हणजे ऊन आणि मोकळी जागा, इमारतीच्या डोक्यावर विनामूल्य पडून असल्यामुळे, कधी ना कधी भाडेकरू विनंतीअर्ज लिहितो. अशा अर्जाचा जन्म, प्रवास आणि त्याचे परिणाम यांचा येथे विचार करावयाचा आहे. नमुन्यादाखल पुण्याच्या कोथरूड भागात सर्रास आढळणारी चार मजली, सोळा सदनिकांची, उद्वाहन नसलेली आणि १९९० च्या दशकात बांधलेली संस्था डोळ्यांसमोर ठेवली आहे. उद्वाहन म्हणजे लिफ्ट, आणि तिचा अभाव पुढे ओल्या कपड्यांची बादली वर नेताना महत्त्वाचा ठरतो.

प्रथम भाडेकरूचे कायद्यातील स्थान समजून घेणे आवश्यक आहे. ज्याला सगळी इमारत भाडेकरू म्हणते तो बहुधा भाडेकरू नसतोच. तो ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणारा परवानाधारक असतो. असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ सांगतो, आणि प्रथेप्रमाणे तो अकरा महिन्यांचा असतो. परवाना कशाला म्हणावे हे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये सांगितले आहे, आणि त्याचा आशय असा की, दुसऱ्याच्या स्थावर मालमत्तेत जी गोष्ट करणे एरवी बेकायदा ठरले असते, ती करण्याची मुभा म्हणजे परवाना. याचा अर्थ, भाडेकरूचे घरात झोपणे, चहा करणे आणि नळ सोडणे या सर्व कृती मुळात परवानगीनेच चाललेल्या असतात. गच्चीसाठीचा अर्ज ही त्या परवानगीवर मागितलेली आणखी एक परवानगी असते. करारात बहुधा ‘इमारतीतील सामाईक सोयींचा वापर करता येईल’ अशा अर्थाचे एक कलमही असते, त्यामुळे ही दुसरी परवानगी मागण्याची गरज आहे का, असा प्रश्न पडू शकतो. तो कोणालाच पडत नाही, कारण नोंदणीच्या वेळी सर्वांचे लक्ष अंगठा यंत्रावर नीट उमटतो की नाही याकडे असते.

गच्चीची मालकीही अशीच गुंतागुंतीची आहे. इमारतीची सामाईक गच्ची संस्थेची असते आणि तिच्यावर कोणत्याही एका सभासदाला वैयक्तिक हक्क सांगता येत नाही. संस्थांच्या आदर्श उपविधींचा, म्हणजे कारभारासाठी शासनाने घालून दिलेल्या नमुना-नियमांचा, रोख हाच आहे. म्हणजे घरमालकालाही गच्ची स्वतःची म्हणता येत नाही आणि अध्यक्षांनाही येत नाही. प्रत्यक्षात मात्र गच्ची ज्याच्या घरात तिची किल्ली असते त्याची असते, आणि किल्ली सचिवांच्या घरी, दाराआडच्या खिळ्यावर, जुन्या दुधाच्या कार्डाशेजारी टांगलेली असते. मालकी सोळा जणांची, ताबा एकाचा आणि गरज सतराव्याची, अशी ही विभागणी आहे, आणि विनंतीअर्ज तिन्ही ठिकाणी फिरून यावा अशी व्यवस्था असल्यामुळे त्याला वेळ लागतो.

भाडेकरू अर्ज का करतो, याचे तात्कालिक कारण बहुतेक वेळा संस्थेनेच पुरवलेले असते. तो राहायला आल्यावर पहिला आठवडाभर कपडे बाल्कनीत वाळत घालतो, आणि दुसऱ्या आठवड्यात सूचनाफलकावर ‘इमारतीच्या दर्शनी भागात कपडे वाळत घालून संस्थेच्या सौंदर्यास बाधा आणू नये’ असा मजकूर लागतो. मग तो कपडे मागच्या बाजूच्या खिडकीच्या गजांना लावतो, तेव्हा खालच्या मजल्यावरून पाणी ठिबकल्याची तक्रार येते. शेवटी तो कपडे घरात, पंख्याखाली, खुर्च्यांच्या पाठींवर आणि दारांच्या कडांवर पसरतो, आणि महिनाभराने भिंतीला बुरशी आली म्हणून घरमालक अनामत रकमेचा विषय काढतो. समोर, मागे आणि आत असे तीन मार्ग बंद झाल्यावर विचारी माणूस वर पाहतो.

वर पाहिल्यावर त्याला दिसते की गच्चीवर आधीच कपडे वाळत आहेत. ते सभासदांचे असतात, ते कोणाच्या परवानगीने वाळत आहेत याची कोठेही नोंद नसते आणि त्यांच्या वेळाही ठरलेल्या नसतात, कारण त्याबद्दल आजवर कोणी विचारलेले नसते. एखादा धोरणी भाडेकरू येथे थांबून विचार करतो, आपलेही दोन शर्ट त्यांच्या शेजारी लावतो आणि या लेखाच्या कक्षेबाहेर जातो. सुशिक्षित, मध्यमवर्गीय आणि कोणाला बोलण्याची संधी देऊ नये अशा संस्कारांत वाढलेला भाडेकरू मात्र कागद घेतो.

नमुन्यातील भाडेकरूचा करार १ फेब्रुवारी ते ३१ डिसेंबर असा आहे, आणि कुटुंबात नोकरी करणारे पती-पत्नी व आठ आणि पाच वर्षांची दोन मुले आहेत. त्यांचा अर्ज असा: “मा. सचिव महोदय, स. न. वि. वि. आम्ही सदनिका क्र. ७ मध्ये भाडेतत्त्वावर राहत असून, कपडे वाळत घालण्यासाठी सकाळी ८.३० ते सायंकाळी ५ व मुलांना खेळण्यासाठी सायंकाळी ५.३० ते ७ या वेळेत गच्ची वापरण्याची परवानगी मिळावी, ही सविनय विनंती. कोणासही त्रास होणार नाही याची आम्ही हमी देतो. कळावे, आपले विश्वासू.” या सरळ मजकुरात दोन घातक गोष्टी आहेत. पहिली म्हणजे वेळेचा उल्लेख, कारण त्यामुळे गच्चीला वेळ असू शकते ही कल्पना संस्थेत प्रथमच प्रवेश करते. दुसरी म्हणजे त्रासाचा उल्लेख, कारण त्यामुळे कोणाकोणाला त्रास होऊ शकेल याचा विचार सोळाही घरांत सुरू होतो.

अर्जाचा प्रवास फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सुरू होतो आणि त्याच रविवारी थांबतो, कारण भाडेकरू हा संस्थेचा सभासद नसल्यामुळे त्याचा अर्ज ‘थ्रू ओनर’, म्हणजे घरमालकामार्फत, यावा असे सचिव सांगतात. घरमालक मुलाकडे न्यू जर्सीत असतात; पुण्यात सचिव जागे असताना ते झोपलेले असतात आणि ते जागे असताना सचिवांची दुपारची विश्रांती संपून रात्रीची सुरू झालेली असते. त्यांचे ‘माझी हरकत नाही’ हे चार शब्दांहूनही लहान संमतिपत्र यायला फेब्रुवारी संपतो. संमती देताना ते आणखी एक प्रश्न विचारतात: नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस तर वाढणार नाहीत ना? हे शुल्क, मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून संस्था त्याच्याकडून घेते, आणि ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असे राज्य शासनाने २००१ मध्ये ठरवून दिले आहे. गच्चीचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. परंतु हा प्रश्न विचारला गेल्यामुळे खजिनदार तसा संबंध जोडता येईल का, याची चाचपणी सुरू करतात.

समितीची बैठक महिन्यातून एकदा असते. मार्चची बैठक वर्षअखेरीच्या हिशेबात जाते आणि अर्ज एप्रिलमध्ये चर्चेला येतो. येथे दोन प्रमुख आक्षेप निघतात आणि दोन्ही तांत्रिक असल्यामुळे त्यांची तपासणी योग्य ठरेल. पहिला आक्षेप वॉटरप्रूफिंगचा. १९९० च्या दशकातील बहुतेक इमारतींच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा असतो, म्हणजे स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात बसवून पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला थर, आणि त्यावर चिनी मातीच्या फरशांचे तुकडे बसवलेले असतात, ज्यांना चायना मोझॅक म्हणतात. मुलांच्या अनवाणी पावलांनी हा थर फुटेल, असे मत चौथ्या मजल्यावरील सभासद मांडतात, आणि ते मांडत असताना त्यांनी स्वतः गच्चीवर ठेवलेल्या अकरा मातीच्या कुंड्या आणि एका जुन्या लोखंडी कपाटाचा विषय निघत नाही. वस्तुतः असा थर बिघडतो तो उन्हाने पडलेल्या भेगांमुळे, कुंड्यांतून शिरणाऱ्या मुळांमुळे, दोरीसाठी कठड्यात ठोकलेल्या खिळ्यांच्या भोकांमुळे आणि पावसाळी पाइपचे तोंड तुंबून पाणी साचल्यामुळे. भाडेकरूच्या कपड्यांपासून खरा धोका असलाच तर तो या शेवटच्या बाबतीत आहे: वाऱ्याने उडालेला एक पायमोजा पाइपच्या जाळीवर बसला की पहिल्याच मोठ्या पावसात गच्चीचे तळे होते. दोरीऐवजी पायांवर उभा राहणारा स्टँड, भक्कम चिमटे आणि जून उजाडण्यापूर्वी जाळी साफ, एवढ्या तीन गोष्टींनी हा धोका संपतो. परंतु पायमोजा हा विषय समितीच्या प्रतिष्ठेला शोभणारा नसल्यामुळे चर्चा पावलांवरच राहते.

दुसरा आक्षेप आवाजाचा. हा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या अधिक बळकट आहे, कारण गच्चीवर उडी मारली की धक्का थेट स्लॅबमध्ये शिरतो आणि खालच्या खोलीचे छत स्वतःच आवाज करू लागते. हवेतून येणारा आवाज खिडकी लावून कमी करता येतो, तसा हा करता येत नाही. त्यामुळे चौथ्या मजल्याची तक्रार समजण्यासारखी आहे. प्रत्यक्षात ती तळमजल्यावरील सभासद करतात. मधल्या तीन मजल्यांमधून उडी खाली कशी पोहोचली, या प्रश्नावर ते आपली झोप हलकी असल्याचे सांगतात, आणि इतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या अधिकृत नोंदीत, ‘सर्व मजल्यांवरील रहिवाशांना त्रास’ असे लिहिले जाते.

यानंतर वेळा ठरतात. वेळा ठरवताना कपड्यांना किती ऊन लागते आणि मुले केव्हा मोकळी असतात हे पाहावे, अशी अपेक्षा असू शकते. परंतु किल्ली सचिवांच्या घरी असल्यामुळे त्यांची पूजा दहाला संपते आणि त्यांचे जेवण एकला होते, हे दोन आकडे निर्णायक ठरतात. अशा रीतीने कपड्यांसाठी सकाळी १० ते दुपारी १ ही वेळ निश्चित होते. भाडेकरूच्या घरी धुण्याचे यंत्र सव्वाआठला थांबते, साडेआठला मावशी कपडे काढून देतात आणि नऊनंतर घरात कोणी नसते, त्यामुळे १० वाजता गच्चीचे दार उघडते तेव्हा कपडे बादलीत, बादली कुलपाआड आणि कुलपाची किल्ली हिंजवडीत असते. रविवारी मात्र सर्वजण घरी असतात. रविवारी गच्ची टाकी भरण्याच्या कामासाठी बंद असते.

घड्याळाच्या वेळा आणि ऊन यांचा मेळ न बसण्याचे मूळ कारण असे की ऊन बारा महिने एकसारखे नसते. कपडे वाळतात ते उन्हाइतकेच वाऱ्याने आणि हवेच्या कोरडेपणाने. एप्रिलच्या पुण्यातील कोरड्या हवेत सुती सदरा तासाभरात कडक होतो, तर ऑगस्टमध्ये तोच सदरा दिवसभर टांगूनही कॉलरशी दमटच राहतो, आणि जीन्सच्या कमरेची शिवण हा तर कोणत्याही ऋतूत सर्वांत शेवटी वाळणारा भाग असतो. त्यातच समितीने भाडेकरूंसाठी पाण्याच्या टाकीच्या उत्तरेकडील जागा नेमून दिलेली असते. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो आणि तो दक्षिणेकडे असतो, त्यामुळे जवळजवळ टाकीच्या उंचीइतकी लांब सावली नेमकी उत्तरेला पडते. जूनमध्ये सूर्य डोक्यावर येतो आणि ती सावली नाहीशी होते, परंतु तेव्हा ढग असतात. म्हणजे नेमून दिलेली जागा वर्षातील ज्या काळात कपडे वाळवू शकते, तो काळ मार्च ते मे असा निघतो.

मुलांच्या खेळाची वेळही अशीच विचारपूर्वक ठरते. ५.३० ते ७ ऐवजी ६ ते ७ अशी वेळ मंजूर होते, कारण सहाला पहारेकऱ्याची पाळी बदलते. पुण्यात नोव्हेंबरअखेर सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि जूनअखेर सव्वासातच्या सुमारास. त्यामुळे हिवाळ्यात खेळण्याची वेळ आणि अंधार एकाच वेळी सुरू होतात, आणि ‘अंधारात मुलांना गच्चीवर सोडू नये’ ही अट त्याच पत्रात पुढे असते. इतर अटींनुसार चेंडू आणू नये, कारण तो खाली पडतो. धावू नये, कारण वर सांगितलेला धक्का स्लॅबमध्ये शिरतो. मोठ्याने बोलू नये, आणि सोबत एक पालक असावा. यांपैकी शेवटची अट मात्र खरोखर शहाणपणाची आहे, कारण राष्ट्रीय इमारत संहिता कठड्याला किमान १ मीटर उंची सांगत असली तरी कठड्यालगत ठेवलेली कुंडी त्या उंचीतून एक पायरी वजा करते आणि पाच वर्षांच्या मुलाला कुंडी दिसली की चढावेसे वाटते. बाकीच्या अटी पाळून खेळता येणारा खेळ शोधल्यास लपाछपी उरते, आणि तीही फक्त लपणाऱ्यांसाठी.

मे महिन्यात सचिव आंब्यांसाठी कोकणात असतात. परवानगीचे पत्र, संस्थेच्या शिक्क्यासह, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाडेकरूच्या हाती पडते, आणि त्याच आठवड्यात पुण्यात मोसमी पाऊस दाखल होतो. चार महिने मागितलेले ऊन अशा प्रकारे मंजूर होऊन भिजते. पत्राच्या तळाशी ‘पावसाळ्यात गच्ची बंद राहील’ अशी टीप असते, आणि तिच्यामुळे भाडेकरूचे काही नुकसान झाले असे म्हणता येत नाही.

या प्रकरणाचा महत्त्वाचा परिणाम मात्र भाडेकरूवर झालेला नसून सभासदांवर झालेला दिसतो. ठराव लिहिताना ‘भाडेकरूंसाठी’ हा शब्द घालावा अशी सूचना होती, परंतु भेदभावाचा आरोप येऊ नये म्हणून खजिनदारांनी ‘सर्व रहिवाशांसाठी’ असे लिहिले. त्यामुळे वर्षानुवर्षे कोणालाही न विचारता वाळणारे सोळा घरांचे कपडे एका सहीने बेकायदा ठरले. ऑक्टोबरात गच्ची पुन्हा उघडल्यावर पहारेकऱ्याने, ठरावाचे अक्षरशः पालन करून, एक वाजून पाच मिनिटांनी दोऱ्यांवरचे सर्व कपडे गोळा केले आणि कार्यालयातील टेबलावर एकत्र ढीग केला; त्यात अध्यक्षांच्या घरच्या चादरी होत्या. पुढील बैठकीत चादरी, पांघरुणे आणि ‘मोठे कपडे’ यांना सूट देणारा दुरुस्ती-ठराव आला. उन्हाळ्यातील पापड, कुरडया आणि सांडगे यांच्या वाळवणाला सूट देणारा दुसरा ठराव त्यालाच जोडण्यात आला, आणि कोजागरीच्या रात्री दुधाच्या कार्यक्रमासाठी सातनंतर गच्ची उघडण्याचा तिसरा. सूट मिळालेल्या गोष्टींची यादी पूर्ण झाली तेव्हा मूळ नियमाखाली फक्त लहान कपडे आणि लहान मुले उरली.

या सर्वाचा दोष भाडेकरूकडे जातो, आणि एका अर्थाने तो बरोबरही आहे. त्याने विचारले नसते तर नियम झाला नसता. त्याच्या अर्जापूर्वी समितीला गच्चीवर कोणताही अधिकार गाजवण्याचे कारण नव्हते, आणि अर्जाने ते कारण, वेळापत्रकाच्या मसुद्यासह, तिच्या हाती दिले. परवानगी मागणारा माणूस नकार देण्याची सत्ताही सोबत घेऊन जातो, हे अशा संस्थांच्या कारभाराचे मर्म आहे, आणि सभासदांना ते उमजलेले असल्यामुळेच ते आपसांत कधीही अर्ज करत नाहीत.

३१ डिसेंबरला करार संपतो आणि कुटुंब घर बदलते. १८८२ च्या त्याच अधिनियमानुसार परवाना, थोडे अपवाद वगळता, दुसऱ्याला हस्तांतरित करता येत नाही, त्यामुळे गच्चीची परवानगी त्यांच्याबरोबरच संपते. जानेवारीत सदनिका क्र. ७ मध्ये दोन अविवाहित तरुण राहायला येतात. ते सूचनाफलक वाचत नाहीत, कोणाला काही विचारत नाहीत, सोलरच्या दुरुस्तीसाठी दार उघडे असताना वर जातात आणि टाकीच्या दक्षिणेला, भर उन्हात, आपल्या जीन्स टांगतात. त्यांनी अर्जच केलेला नसल्यामुळे तो नामंजूर करण्याची सोय समितीकडे नसते. मार्चच्या बैठकीत हा विषय निघतो आणि, त्यांनी विनापरवाना वापर तत्काळ थांबवून रीतसर अर्ज करावा, असे त्यांना कळवण्याचा ठराव एकमताने मंजूर होतो. पत्र घरमालकामार्फत पाठवायचे असल्यामुळे ते न्यू जर्सीला रवाना झाले आहे.